चौदा टक्के की तेवीस?

‘प्लांटची उत्पादनक्षमता २३ टक्क्यांनी वाढवली.’ रेझ्युमेच्या पहिल्या पानावरची ही ओळ सरांनी पेन्सिलीने अधोरेखित केली आणि समोर बसलेल्या मुलीला विचारले, “अगं, बॉटलनेक कुठला होता आणि तो काढल्यावर कुठे गेला?”

ती प्रोसेस इंजिनिअर. लोणेऱ्याच्या विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग केले आणि तेव्हापासून लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट, मग प्लांट, मग प्रोसेस असा प्रवास झाला. आता दहेजच्या एका मोठ्या प्रकल्पासाठी अर्ज करायचा होता. सर म्हणजे तिचे पहिले प्लांट मॅनेजर, निवृत्तीनंतर चिपळूणला स्थायिक झालेले. नोकरीच्या काळात त्यांनी असंख्य मुलाखती घेतल्या होत्या. प्रोसेस इंजिनिअरच्या रेझ्युमेत चार गोष्टी असतातच, हे त्यांना पाठ होते: उत्पादन किती वाढवले, यील्ड किती सुधारले, हॅझॉप केले का, शटडाउनचे नियोजन केले का. चारही ओळी सगळ्यांच्याच कागदावर सारख्या दिसतात. फरक कळतो तो आकड्याच्या खाली काय आहे हे विचारल्यावर.

तिच्या बाबतीत या चारही ओळी एकाच प्लांटमधल्या कामातून आल्या होत्या. म्हणून त्या संध्याकाळी दोघांनी ते कामच पुन्हा पहिल्यापासून उलगडले.

प्लांट होता पॅरा-क्लोरोअनिलिनचा. रंगद्रव्ये आणि कीटकनाशके बनवणारे कारखाने हा माल घेतात. कच्चा माल पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझिन, वसाहतीतल्या बोलीत ‘पीएनसीबी’. ते मिथेनॉलमध्ये विरघळवायचे, रेनी निकेल हा उत्प्रेरक घालायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली हायड्रोजन द्यायचा. नायट्रो गटाचा अमाइन गट होतो. मग उत्प्रेरक गाळून काढायचा, मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचे आणि शेवटी व्हॅक्यूमखाली मालाचे ऊर्ध्वपातन करून त्याचे फ्लेक्स पाडायचे.

एका बॅचला ऑटोक्लेव्ह सोळा तास अडकून राहत असे. ‘रिअ‍ॅक्शन हळू चालते’ हे प्लांटमधले सर्वमान्य मत होते. त्यामुळे उत्प्रेरक वाढवा, दाब वाढवा, अशा सूचना येत. तिने शिफ्टच्या लॉगबुकांतून तास काढले आणि आडव्या पट्ट्यांचा तक्ता केला. चार्जिंग आणि नायट्रोजनने हवा काढणे यांत तीन तास जात. तापवणे आणि प्रत्यक्ष अभिक्रिया, सात. थंड करून दाब उतरवणे, एक. धुऊन पुढच्या बॅचची तयारी, एक. उरलेले चार तास ऑटोक्लेव्ह काहीच करत नव्हता. गाळणी त्याच्या तळाशीच जोडलेली होती, आणि गाळ जसा पुढे सरकेल तसा तो रिकामा होत होता. लाखो रुपयांचे दाबपात्र चार तास नुसती टाकी म्हणून वापरले जात होते.

उपाय साधा होता. शेजारच्या बंद पडलेल्या विभागात ढवळणी असलेले एक पात्र मोकळे होते. ते ऑटोक्लेव्ह आणि गाळणी यांच्या मध्ये बसवायचे. बॅच झाली की तासाभरात तिकडे उतरवायची आणि गाळणी तिथून सावकाश चालू द्यायची. सायकल सोळावरून तेरा तासांवर आली. वर्षाचे चालू तास ७,९२० धरले तर ४९५ बॅचेसऐवजी ६०९ बसतात. म्हणजे २३ टक्के वाढ. पहिल्या मसुद्यातला आकडा इथून आला होता.

“आणि मिथेनॉलचा कॉलम?” सरांनी विचारले.

खरी गोष्ट तिथेच होती. मिथेनॉल परत मिळवणाऱ्या कॉलमला एका बॅचला चौदा तास लागत. ऑटोक्लेव्ह सोळा तासांचा होता तोवर हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण कॉलम दर बॅचला दोन तास रिकामाच राहत असे. ऑटोक्लेव्ह तेरावर आला आणि कॉलम हाच नवा बॉटलनेक झाला. सबंध प्लांट आता चौदा तासांच्या तालावर चालू लागला. ७,९२० भागिले १४ म्हणजे ५६५ बॅचेस. वाढ १४ टक्के. ऑटोक्लेव्हची क्षमता २३ टक्क्यांनी वाढली हे खरेच होते, पण गोदामात गेलेला माल चौदाचाच हिशेब सांगत होता.

सरांच्या मते चौदा हाच आकडा जास्त वजनदार आहे. तेवीस लिहिणारा उमेदवार एकाच यंत्राकडे पाहतो. चौदा लिहून ‘त्यानंतर अडथळा मिथेनॉल रिकव्हरीकडे सरकला’ असे जोडणारा उमेदवार संपूर्ण प्लांट डोळ्यांसमोर ठेवून बोलतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न तोच सुचवतो. ते खरेच आहे. प्रोसेस इंजिनिअरिंगमध्ये अडथळा नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो कोकणातल्या कुठल्याही रासायनिक वसाहतीत काम केलेल्या माणसालाच सुचेल: “कन्सेंट किती टनांची होती?” महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात प्रत्येक उत्पादनाचे कमाल प्रमाण लिहिलेले असते. यंत्रे कितीही धावली तरी त्या आकड्यापलीकडे माल काढता येत नाही. आधी दुरुस्त संमती हवी, आणि प्रकल्पाच्या स्वरूपानुसार पर्यावरण मंजुरीचाही प्रश्न येतो. शिवाय बॅचेस वाढल्या की सांडपाणी वाढते, आणि त्याचीही मर्यादा त्याच कागदावर असते. तिच्या प्लांटला वर्षाला ४५० टनांची परवानगी होती आणि वाढीनंतरचे उत्पादन ४३५ टनांच्या आसपास बसत होते. हे तिने आधीच तपासले होते, पण रेझ्युमेत त्याचा उल्लेख नव्हता. ‘मंजूर क्षमतेच्या मर्यादेत’ हे तीन शब्द त्या ओळीत त्याच वेळी आले.

दुसरी ओळ यील्डची. मसुद्यात होते: ‘यील्ड ७५ वरून ७७ टक्क्यांवर नेले.’ बाहेरच्या माणसाला हे निराशाजनक वाटेल. पंचाहत्तर टक्के म्हणजे चौथा हिस्सा माल वाया जातो की काय? तसे नव्हते. प्लांटमध्ये वजनी यील्ड मोजतात, म्हणजे शंभर किलो पीएनसीबी घातले तर किती किलो माल आला. पण नायट्रो गटातले दोन ऑक्सिजन निघून जातात आणि त्यांच्या जागी हलके हायड्रोजन बसतात, त्यामुळे रेणूच हलका होतो. पीएनसीबीचा रेणुभार १५७.५ आहे, पॅरा-क्लोरोअनिलिनचा १२७.५. एकही रेणू वाया गेला नाही तरी शंभर किलोमागे जेमतेम ८१ किलोच माल मिळणार. त्या ८१ च्या हिशेबाने ७५ म्हणजे ९२.६ टक्के, आणि ७७ म्हणजे ९५ टक्के. उलट, ज्या प्रक्रियेत रेणू जड होत जातो तिथे वजनी यील्ड शंभराच्या वर सहज जाते आणि त्यात कौतुक करण्यासारखे काहीच नसते. म्हणून यील्डचा आकडा कोणत्या पायावर काढला हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. नव्या ओळीत ‘मोलर’ हा शब्द आला आणि आकडे ९२.६ व ९५ झाले.

हे अडीच टक्के आले कुठून, हा भाग तिने ज्या तन्मयतेने सांगितला त्यावरून सरांना तिच्या कामाची प्रत कळली. हजार किलोच्या बॅचला सैद्धांतिक ८१० किलो माल यायला हवा होता आणि येत होता ७५०. उरलेले साठ किलो कुठे जातात याचा तिने ताळेबंद मांडला. काही भाग अनिलिन होऊन जात होता. हायड्रोजन नायट्रो गटाबरोबर रेणूवरचा क्लोरीनही थोडा ओढून काढतो, आणि मग अभिक्रियेच्या द्रावणात क्लोराइड वाढलेले दिसते. प्रयोगशाळेतल्या साध्या टायट्रेशनने ते मोजता येते. थोडा माल गाळणीवरच्या उत्प्रेरकाला चिकटून जात होता. पण सगळ्यात मोठा वाटा, साठांपैकी जवळजवळ निम्मा, शेवटच्या ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणाऱ्या काळ्या डांबरात होता.

डांबर होते ते उष्णतेमुळे. पॅरा-क्लोरोअनिलिन १० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला सुमारे १०२ अंशांना उकळते, तर ४० मिलिमीटरला सुमारे १३५ अंशांना. व्हॅक्यूम बिघडला की तापमान चढते, आणि चढलेल्या तापमानाला तासन्‌तास उकळत राहिलेला माल एकमेकांत गुंफून घट्ट होतो. ऑपरेटरांना हे माहीत होते, पण त्यांच्या मते व्हॅक्यूम पंप म्हातारा झाला होता आणि नवा मागवायला हवा होता. तिने रिकाम्या सिस्टीममध्ये व्हॅक्यूम घेतला, पंप वेगळा केला आणि गेजकडे पाहत थांबली. दाब झपाट्याने चढू लागला. पंप जोडलेला नसताना दाब चढतो याचा अर्थ हवा बाहेरून आत येते आहे. गळती सापडली ती कंडेन्सरच्या एका फ्लॅंजवर आणि रिसीव्हरच्या साइट ग्लासच्या गॅस्केटवर. दोन्ही बदलल्यावर जुन्याच पंपाने व्हॅक्यूम दिला, डांबर घटले आणि बॅचमागे वीस किलो माल जास्त आला.

यावर सरांनी तीन शंका काढल्या. तुलना सर्वोत्तम बॅचची आहे की सरासरीची? पीएनसीबीची शुद्धता दोन्ही काळांत सारखी होती का? आणि ऊर्ध्वपातनातला पहिला तुकडा पुढच्या बॅचमध्ये परत टाकला जातो, तो मोजला का? ही तिसरी शंका नेमकी आहे. परत टाकलेल्या तुकड्यातला माल दोनदा मोजला गेला तर यील्ड कागदावर आपोआप वाढते. तिने दुरुस्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची सरासरी घेतली होती आणि परतीचा माल वजा केला होता. ओळीत ‘महिन्याच्या सरासरीवर’ एवढे आले. बाकीचे मुलाखतीत सांगायचे ठरले.

इथेच आणखी एक गुंता सुटला. वर्षाचे उत्पादन ३७१ टनांवरून ४३५ टनांवर गेले होते, म्हणजे सतरा टक्के वाढ. त्यातले चौदा टक्के जास्त बॅचेसमुळे आणि उरलेले यील्डमुळे. एका ओळीत सतरा टक्के उत्पादनवाढ आणि दुसऱ्या ओळीत वेगळी यील्डवाढ लिहिली असती तर तोच माल दोनदा मिरवला गेला असता. म्हणून पहिल्या ओळीत फक्त बॅचेसचा हिशेब राहिला.

तिसरी ओळ सगळ्यात दुबळी होती: ‘अनेक हॅझॉप अभ्यासांत सहभाग.’ हॅझॉप ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत आकाराला आली. प्लांटचा आराखडा तुकड्यातुकड्यांत घ्यायचा आणि प्रत्येक तुकड्याला ‘प्रवाह नाही’, ‘जास्त दाब’, ‘उलटा प्रवाह’ असे शब्द लावून विचारायचे: हे का होईल, झाले तर काय, आणि आज त्याला अडवणारे काय आहे? १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे रिअ‍ॅक्टरांच्या रांगेतला एक काढून त्याच्या जागी घाईने बसवलेला तात्पुरता पाइप फुटला आणि अठ्ठावीस माणसे गेली. ती जोडणी कुठल्याही योग्य अभ्यासाविना झाली होती. चालू प्लांटमध्ये एक पात्र वाढवणे हा तसाच प्रसंग असतो. म्हणून तिच्या मधल्या पात्राचाही हॅझॉप झाला.

“तुझा वाटा काय?” हा सरांचा प्रश्न होता. अध्यक्ष बाहेरचा होता. नोंदी दुसऱ्या एकाने ठेवल्या. ती प्रोसेसची प्रतिनिधी होती. पण एक शिफारस तिच्या हिशेबातून आली होती, आणि ती साधी नव्हती.

नायट्रोचे अमाइन एका उडीत होत नाही. मध्ये हायड्रॉक्सिलअमाइन नावाचा टप्पा येतो, आणि तो उष्णतेला अस्थिर असतो. साठून राहिला तर स्वतःच विघटित होऊन प्रचंड उष्णता सोडू शकतो. याच कुळातल्या ३,४-डायक्लोरोअनिलिनच्या ऑटोक्लेव्हमध्ये झालेल्या दुर्घटनेचा अहवाल अमेरिकेतल्या केमिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९७७ साली छापला होता, आणि त्याचे मूळ याच मधल्या पदार्थात होते. आता प्लांटवर बॅच संपली हे ऑपरेटर कसे ओळखत? हायड्रोजन ओढणे थांबले की. पण हायड्रोजन दोन कारणांनी थांबतो. अभिक्रिया पूर्ण झाली म्हणून, किंवा उत्प्रेरक विषबाधेने मेला म्हणून. गेजवर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या व्यवस्थेत अर्धवट बॅच निदान ऑटोक्लेव्हमध्येच राहत असे, कूलिंग कॉइल आणि रप्चर डिस्कच्या संरक्षणात. नव्या व्यवस्थेत ती गरम अवस्थेत अशा पात्रात उतरली असती ज्याला दाब पेलण्याची ताकदच नव्हती.

तिने सुचवलेली तपासणी वहीतल्या गुणाकाराची होती. नायट्रोच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. हजार किलो पीएनसीबीला सुमारे ३८ किलो. एकूण किती हायड्रोजन गेला हे फ्लोमीटरवर दिसतेच. तो ३८ च्या जवळ नसेल तर गेज काहीही म्हणो, बॅच संपलेली नाही. त्यावर प्रयोगशाळेचा नमुना, ज्यात नायट्रो आणि हायड्रॉक्सिलअमाइन दोन्ही तपासायचे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय उतरवण्याचा व्हॉल्व्ह उघडणारच नाही अशी इंटरलॉक बसली. तीन तास वाचवण्यासाठी केलेल्या बदलात नमुन्याच्या निकालासाठी थोडा वेळ थांबावे लागणार होते. तो वेळ दाब उतरवण्याच्या आणि नायट्रोजन फिरवण्याच्या तासात बसवला गेला, म्हणून सायकल तेरावरच राहिली.

रेझ्युमेवर ‘अनेक’ हा शब्द गेला. त्या जागी आले: नव्या स्लरी पात्राच्या हॅझॉपमध्ये प्रोसेस प्रतिनिधी, अपूर्ण अभिक्रियेचा धोका ओळखून हायड्रोजनच्या एकूण वापरावर आधारित इंटरलॉक सुचवली, प्लांट सुरू होण्याआधी ती बसवून तपासली. बाकीचे हॅझॉप एका ओळीत, प्रत्येकातल्या भूमिकेसह. रासायनिक सूत्र, उत्प्रेरकाचे प्रमाण, ग्राहक यांपैकी काही लिहायचे नाही, हे सरांनी बजावले. ते कंपनीचे असते. दाखवायची ती विचाराची पद्धत, आणि टक्केवारीत ती पुरेशी दिसते.

शेवटची ओळ शटडाउनची. मसुद्यात ‘वार्षिक शटडाउन वेळेआधी पूर्ण’ असे होते. सरांना वेळेआधी हा शब्दच खटकला, कारण वेळापत्रक सैल ठेवले की कुणीही लवकर संपवू शकतो. खरा प्रश्न, सगळ्यात लांब साखळी कुठली होती. सगळ्यांचे लक्ष नव्या पात्राच्या पायपिंगकडे होते. पण ते पात्र आधीच पायावर बसवता येत होते, पाइपही बाहेर जोडून तयार ठेवता येत होते. शटडाउनमध्ये फक्त टोके जोडायची होती. लांब साखळी ऑटोक्लेव्हची होती: रिकामा करणे, उत्प्रेरकाचा उरलेला अंश पाण्याखाली ठेवून काढणे, आत माणूस उतरेल इतकी हवा शुद्ध करणे, कॉइलची जाडी मोजणे, सक्षम व्यक्तीकडून कायदेशीर तपासणी, हायड्रो टेस्ट, वाळवणे. रेनी निकेल कोरडा पडला की हवेत पेट घेतो, म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांत घाई चालत नाही. तिने सगळे वेळापत्रक या साखळीभोवती रचले आणि तारखा गणपतीच्या आधी संपतील अशा धरल्या, कारण त्या आठवड्यात कोकणात वेल्डर आणि फिटर मिळत नाहीत.

“आणि नायट्रोजन?” सरांचा शेवटचा प्रश्न. ऑटोक्लेव्हला नायट्रोजनच्या तीन लाइन येत होत्या. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो. व्हॉल्व्ह बंद आहे एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून तिन्हींवर ब्लाइंड टाकली गेली होती. हायड्रोजन, मिथेनॉल आणि वाफेच्या लाइन धरून शटडाउनची एक ब्लाइंड यादी होती: प्रत्येकाला क्रमांक, रंगवलेली शेपटी, कुणी टाकले आणि कुणी काढले याची सही. प्लांट सुरू करताना यादीशी प्रत्यक्ष ब्लाइंड मोजून ताडली गेली. सगळी रॅकवर परत लटकल्यावरच नायट्रोजनने गळती तपासायला सुरुवात झाली.

सरांनी तिला ही यादी रेझ्युमेच्या ओळीत घालायला सांगितली: ‘दाबपात्र तपासणीच्या क्रिटिकल पाथवर आधारित शटडाउन नियोजन; आयसोलेशन आणि ब्लाइंड रजिस्टरची जबाबदारी.’ दहेजच्या मुलाखतीत उत्पादनवाढीवर पाच मिनिटे गेली. नंतरचा अर्धा तास त्या रजिस्टरवर गेला. कुठल्या लाइनवर डबल ब्लॉक चालेल आणि कुठल्या लाइनवर ब्लाइंडच हवे, तिसऱ्या शिफ्टला काम हस्तांतरित होताना परमिट कोण पुन्हा वाचतो, आणि रात्री कुणी एखादे ब्लाइंड यादीबाहेर टाकले तर ते कसे सापडेल. शेवटच्या प्रश्नाला तिने सांगितले की रॅकवरून घेतलेल्या प्रत्येक ब्लाइंडची रिकामी खुंटी सकाळच्या फेरीत मोजली जात असे, आणि खुंट्या व यादी जुळल्या नाहीत तर त्या दिवशी एकही नवे परमिट निघत नसे.